कॉमिक्सच्या फोटोतला मजकूर कोणत्या क्रमाने उतरवायचा?

*मोबाइलवर काढलेल्या कॉमिक्सच्या फोटोंतला मजकूर टाइप करायचा आहे. फुगे कोणत्या क्रमाने घ्यायचे? ‘धाड’, ‘धप्प’ असले आवाजही लिहायचे का?*

आवाज लिहायचेच. यावरून आमच्या वाचनालयातल्या एका काकांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

इथे नागपुरात आम्ही काही जण अंध वाचकांसाठी जुन्या अंकांतली पानं टाइप करतो. ते ती स्क्रीन रीडरवर ऐकतात. एका पट्टीत चोर संत्र्याच्या बागेत शिरतो. दुसऱ्या चौकटीत वर निवेदनाची पट्टी, ‘मध्यरात्र’. मागे वेड्यावाकड्या जाड अक्षरांत ‘धप्प!’ उजवीकडे राखणदाराचा फुगा, ‘कोन हाय बे तिकडे?’ आणि डावीकडे झाडामागून शेपूट आलेला चोराचा, ‘म्याँव!’

काकांनी ‘धप्प’ गाळलं आणि आधी ‘म्याँव’ टाइप केलं. मग विनोद उरला कुठे? काका म्हणाले, “डावा फुगाच वर आहे, बघ.” फोटोत तो वर दिसतही होता, कारण फोटो तिरका होता आणि पानाची डावी बाजू वर गेली होती. पण चौकटीची वरची रेघही तशीच तिरकी होती, ती कोण बघणार? त्या रेघेपासून मोजलं तर राखणदाराचा फुगा तिला चिकटलेला, चोराचा बराच खाली. उंची फोटोच्या कडेपासून नाही, चौकटीच्या रेघेपासून धरायची. आधी वरची पट्टी, मग जो फुगा वर तो, आणि दोन्ही सारखे असतील तरच डावा आधी. उत्तर प्रश्नाच्या आधी आलं, की क्रम चुकला समजा.

आवाजाबद्दल काकांचं म्हणणं, “ते चित्र आहे, मजकूर नाही.” अहो, धप्प झालंच नाही तर राखणदार ओरडला कशाला? आवाजाची अक्षरं फुग्यांमागून, कधी चौकटीबाहेरही जातात, म्हणून त्यांच्या जागेवरून क्रम ठरत नाही. ज्याच्या दचकण्याला तो आवाज कारण आहे, त्याच्या बोलण्याआधी लिहा:

```
[निवेदन] मध्यरात्र.
[आवाज] धप्प!
राखणदार: कोन हाय बे तिकडे?
चोर (झाडामागून): म्याँव!
```

‘हाय’चं ‘आहे’ करू नका. काकांनी तेही केलं होतं. शेजारच्या पट्टीचा फोटोत आलेला अर्धा फुगा आणि पानाचा आकडा सोडा. चित्रातली पाटी गोष्टीला लागत असेल तरच घ्या. शिवणीत गेलेली अक्षरं अंदाजाने भरू नका, पान दाबून पुन्हा फोटो काढा.

हे सगळं डावीकडून वाचायच्या कॉमिक्सना लागू. जपानी मांगा मूळ मांडणीत असेल तर चौकटी आणि फुगे दोन्ही उजवीकडून घ्यायचे. आणि एका उंच चौकटीच्या उजवीला दोन छोट्या एकाखाली एक असतील, तर आधी उंच, मग वरची, मग खालची.

काका आता सगळे आवाज पानाच्या शेवटी यादी करून देतात. तसं करू नका. ऐकणाऱ्याला शेवटी नुसतं ‘धप्प, धाड, खळ्ळ’ ऐकू येतं आणि कोण पडलं ते कळत नाही.