सासरची पहिली सकाळ आणि गीझरचं पाणी

"पुढच्या महिन्यात लग्न आहे. सासरी सुरुवातीला सकाळी किती वाजता उठावं? त्यांच्या रुटीनमध्ये कसं बसायचं?"

किती वाजता ते नंतर बघा, आधी आंघोळीचा नंबर विचारून घ्या. मी पहिल्याच सकाळी सगळ्यांच्या आधी उठले होते, तरी बोलणी खाल्ली. बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराबाहेर, फ्रिजच्या मागे, आणि मी आतली भिंत चाचपतेय. शेवटी सापडलं, आंघोळ उरकून बाहेर आले तर सासरे खांद्यावर टॉवेल टाकून उभे. १५ लिटरचा गीझर, त्यातलं गरम पाणी मी वापरलेलं, आणि टाकी पुन्हा नीट तापायला १५-२० मिनिटं तरी जातातच. त्यांची निघायची वेळ ठरलेली, त्यांच्यामागे दीर, सगळा क्रम पुढे सरकला. सासरे काहीच बोलले नाहीत, पण मुक्कामाला आलेल्या मावससासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माहेरी शिस्त नसेल."

माझ्या आईच्या घरी रोज सहा माणसं वेळेवर बाहेर पडायची हो! तिथला क्रम मला पाठ होता, इथला कुणी सांगितलाच नव्हता. आणि सांगणार तरी कसा, त्या घरात तो कुणी ठरवलेलाच नव्हता, वर्षानुवर्षं आपोआप पडलेला, त्यामुळे नव्या माणसाला काही सांगायचं असतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून "मी काय मदत करू" असं विचारू नका, "काही नको, बस तू" एवढंच उत्तर मिळतं. आदल्या रात्री सासूबाईंना नेमकं विचारा, सकाळी पहिली आंघोळ कुणाची, गीझर कोण लावतं, बाहेरच्या दाराची कडी कोण काढतं, ओट्यापाशी त्यांना एकटीला काम करायला आवडतं का. मी दुसऱ्या रात्री विचारलं तर सासूबाईंनी सगळं घड्याळ लावून सांगितलं, वर म्हणाल्या, बाबा निघाले की तू जा, पाणी निवांत मिळेल. त्यानंतर मी चक्क उशिरा उठायला लागले आणि कुणाचं काही अडलं नाही.

आणि नव्या नवरीचे डोळे तारवटलेले दिसले की "आळशी" म्हणणाऱ्यांसाठी सांगते, नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग गाढ झोपेतही दुसऱ्यापेक्षा जागा राहतो, २०१६ साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलंय. बारीक आवाजालाही जाग येते. त्यात लग्नाची दगदग. तेव्हा पहाटे उठायची शर्यत लावूच नका, मावससासूबाई अजूनही पटवून घेत नाहीत तो भाग वेगळा.

हां, घरात कुणी आजारी असेल किंवा रात्रपाळीचं असेल तर क्रम रोज बदलू शकतो, तिथे रोज रात्री विचारावं लागेल. आणि विचारूनही कुणी सांगत नसेल, वर चुकलं की टोमणे मारत असेल, तर ते नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगा, त्याला तो क्रम लहानपणापासून माहीत आहे, त्याने सांगायला हवा.