थ्रॅश मेटलमधला 'थ्रॅश' म्हणजे नक्की काय?

प्रश्न : "माझा मुलगा गिटार शिकतो, तो म्हणतो हे हेवी मेटल नाही, थ्रॅश मेटल आहे. मला ते ट्रॅश ऐकू येतं, म्हणजे कचरा. हा शब्द कुठून आला आणि नुसतं जोरात वाजवलं की थ्रॅश होतं का? तो पाम म्यूट पाम म्यूट करत असतो त्याला मराठीत काही म्हणता येईल का?"

कचऱ्याचा काही संबंध नाही. ट्रॅश वेगळा, थ्रॅश वेगळा, आपल्या कानाला ट आणि थ जवळजवळ लागतात एवढंच. थ्रॅश म्हणजे झोडपणं, बडवणं, आणि दुसरा अर्थ हातपाय जोरजोरात झाडणं. मला या शब्दातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे इंग्रजीत मळणीसाठी जो थ्रेश शब्द आहे तो आणि हा मुळात एकच, उच्चार फुटून दोन झाले. कोकणात भाताची झोडणी बघितली असेल तर डोळ्यासमोर लगेच येईल, पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर नाहीतर दगडावर आपटायची, परत उचलायची, परत आपटायची, एका लयीत. म्हणून मला 'झोडणी' हा शब्द इथे 'झोडपणं' पेक्षाही जास्त बसतो, कारण झोडपण्यात नुसता राग येतो आणि झोडणीत राग नसतो, लय असते.

संगीतासाठी हा शब्द छापून आला तो १९८४ च्या फेब्रुवारीत, केरँग या इंग्लंडच्या मासिकात, माल्कम डोम या पत्रकाराने अँथ्रॅक्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या 'मेटल थ्रॅशिंग मॅड' या गाण्याबद्दल लिहिताना तो वापरला असं धरतात. म्हणजे नाव नंतर आलं, वाजवणं आधीच चालू होतं, कारण मेटॅलिकाचा 'किल एम ऑल' जुलै १९८३ चा आणि स्लेयरचा पहिला अल्बम त्याच वर्षाच्या डिसेंबरचा.

आता जोरात वाजवलं की थ्रॅश का, तर नाही, आणि नुसतं फास्ट वाजवलं तरी नाही. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचं 'पॅरानॉइड' घ्या, १९७० चं. मिनिटाला साधारण १६० ठोके, त्या काळच्या मानाने चांगलंच पळणारं गाणं, आणि गंमत म्हणजे त्यात गायक गात असताना खाली गिटार तळहात टेकवूनच वाजतं. म्हणजे वेगही आहे आणि पाम म्यूटही आहे, तरी त्याला कोणी थ्रॅश म्हणत नाही. का, तर तिथे त्या दाबलेल्या नोटा गाण्याला ठेका धरून देतात, कॉर्ड बदलली की त्याही तिच्याबरोबर सरकतात, लक्षात राहते ती सुरुवातीची धून. थ्रॅशमधे हे उलटं झालं, दाबलेली जाड तार हीच धून झाली आणि मोकळ्या कॉर्ड मधेमधे फटक्यासारख्या यायला लागल्या. तोंडाने म्हणून बघा, "धुग्धुग्धुग् झँ, धुग्धुग् झँ झँ". सगळा जीव त्या धुग् मधे आहे.

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडची ती प्रसिद्ध घोडदौड यापासून वेगळी, ती "टगडक टगडक" अशी एक लांब दोन छोट्या, आणि तिच्यावर दोन गिटारं मिळून गाता येईल अशी चाल वाजवतात. ही गाण्यासारखी चाल थ्रॅशने टाकून नाही दिली पण ती सोलोत आणि संथ तुकड्यात गेली, रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा, मात्र तालवाद्याकडे सरकला.

हे सगळं तळहातावर का येऊन थांबतं ते सांगतो, कारण बरेच जण ती फक्त स्टाइल समजतात. डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं, ते वाढवलं की आवाज दाबून सपाट होतो, म्हणजे छेडल्यानंतर जी नोट हळूहळू विरून जायला हवी तीसुद्धा मोठीच राहते. संथ गाण्यात हे छान वाटतं, पण सेकंदाला सात वेळा तीच खर्जातली तार छेडली तर आधीची नोट मरायच्या आत पुढची येते आणि नुसता गडगडाट उरतो, ताल ऐकूच येत नाही. मग उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर, तारा जिथे सुरू होतात तिथे, अलगद टेकवायची. नोटेचा ठोसा राहतो, शेपटी जाते. म्हणजे वेग वाढला म्हणून म्यूट लागला आणि म्यूट नीट बसला म्हणून आणखी वेग झेपला, हे दोन एकमेकांच्या आधाराने वाढले.

तुमच्या मुलाचं बरोबर होतंय का हे तुम्हाला कानानेच कळेल. "धुग्" च्या ऐवजी कोरडं "टक्" ऐकू आलं, सूरच लागला नाही, तर हात ब्रिजपासून फार पुढे आलाय. "झँऽऽ" रेंगाळत असेल तर हात फार मागे आहे. आणि सूर किंचित वर चढल्यासारखा वाटला तर तो जोरात दाबतोय, तरंगता ब्रिज असलेल्या गिटारवर हे हमखास होतं.

१९८६ चं मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐकायला सांगेन. मिनिटाला २१० च्या आसपास ठोके आणि प्रत्येक ठोक्याला दोन नोटा, म्हणजे सेकंदाला सात. पॅरानॉइडमधे हाच हिशोब साडेपाचच्या आत येतो. कागदावर फरक दीडचा, पण मेटॅलिकाचा गिटारवादक जेम्स हेटफिल्ड त्या सगळ्या नोटा वरून खालीच मारतो, खालून वर येताना तार छेडतच नाही. वर-खाली वाजवलं तर निम्म्या कष्टात होईल, पण वर जाणारा फटका थोडा हलका पडतो आणि धुग्-धिग्-धुग्-धिग् असं ऐकू येतं. सगळे फटके एकाच वजनाचे पाहिजेत तर मनगटाला दुसरा रस्ता नाही. पेंढी आपटायची तर खालीच आपटणार, तसंच हे, आणि माझ्या मते थ्रॅश शब्द या गाण्याइतका दुसऱ्या कशाला चपखल बसत नाही. बाकी सगळा थ्रॅश असाच वाजवतात असं मात्र नाही, स्लेयरचे बरेच रिफ वर-खालीच वाजतात आणि ते याहून जास्त पळतात.

ड्रमचं थोडक्यात. वेगाची भूक मोटरहेड या इंग्लंडच्या बँडनेही लावली, पण बास ड्रम आणि स्नेअर एकाआड एक, "धप्-टॅक् धप्-टॅक्" असं न थांबता पळवायची सवय मुख्यतः हार्डकोर पंककडून, म्हणजे पंक रॉकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकाराकडून आली. इंग्लंडच्या डायमंड हेडसारख्या बँडचे लांब, वळणाचे रिफ आणि हा पंकचा ठेका अमेरिकेतल्या पोरांनी एकत्र केला, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास सगळ्यात जास्त.

राहिला मराठी शब्द. 'तळहात-दाब' वगैरे बनवू नये असं वाटतं, कारण आपल्याकडे तबल्यात हे नाव आधीपासून आहे. ना, धा हे खुले बोल, घुमतात. क, ति हे बंद बोल, हात तिथेच टेकलेला राहतो म्हणून आवाज तिथेच थांबतो. पाम म्यूट हा गिटारवरचा बंद बोलच आहे. तेव्हा "बंद वाजव" आणि "खुलं सोड" एवढं म्हटलं तरी काम होईल, घरात कोणी तबला शिकलेलं असेल तर त्याला लगेच कळेल. पोराशी बोलताना पाम म्यूटच म्हणा, तो शब्द आता मराठीत रुळलाय.