पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य: खरी अडचण नेमकी कुठे?

'मी उद्या काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, तर माझं स्वातंत्र्य उरतं का?'

'माहीत असणं म्हणजे घडवणं नव्हे' हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. तत्त्वज्ञ नेल्सन पाइक यांचा १९६५चा युक्तिवाद देव घडवतो असं म्हणतच नाही.

त्यांच्या उदाहरणातला जोन्स शनिवारी हिरवळ कापतो. कधीच न चुकणाऱ्या देवाची ८० वर्षांपूर्वीच तशी धारणा होती. आता जोन्सला न कापणं शक्य होतं म्हणायचं, तर देवाची धारणा चुकवणं, ती धारणा पूर्वी नव्हतीच असं करणं, किंवा ती बाळगणारा देवच नव्हता असं करणं, यातलं काहीतरी त्याच्या हातात हवं. तिन्ही अशक्य वाटतात. भार आहे तो भूतकाळ बदलता येत नाही यावर.

यावर काही जण चौदाव्या शतकातला तत्त्वज्ञ ओकम याची वाट वापरतात: भूतकाळाचं दिसणारं प्रत्येक विधान फक्त भूतकाळावर टेकलेलं नसतं. 'जोन्सने हिरवळ कापली त्याच्या ८० वर्षं आधी पाऊस पडला', हे विधान दिसतं भूतकाळाचं, पण खरं ठरतं शनिवारी. देवाची धारणाही तशीच, असं ओकमवादी म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. शनिवारवर टेकलेलं त्या विधानाचं वर्णन आहे. पाऊस मात्र पडून गेलाच. धारणाही पावसासारखी झालेली घटना असेल, तर पाइक तसाच उभा राहतो. ती तशी नाही, हे ओकमवाद्यांनी दाखवायला हवं.