वडिलांचा फोन काढून घेऊ नका, मोठ्या एफडीला दुसरी सही लावा

प्रश्न: आई ७३ वर्षांची आहे, मुलुंडला एकटी राहते. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून भाऊ म्हणतो की तिचं नेटबँकिंग बंद करून सगळे पैसे आपल्या ताब्यात घेऊ. हे बरोबर आहे का?

नाही. अजिबात नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालंय म्हणून लिहितेय.

बाबा रिटायर्ड, दादरला एकटेच राहतात, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी अडकले, त्यामुळे "जागरूकता हवी" हे मला आता कोणी सांगू नये. फोन आला की तुमच्या आधारवर सिम घेतलंय आणि त्यावरून मनी लाँडरिंग झालंय. तो कॉल "क्राइम ब्रँच"ला जोडला, मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, समोर युनिफॉर्म, मागे अशोकस्तंभ, आणि बाबांच्या नावाचं वॉरंट पीडीएफमध्ये. कॅमेरा बंद करायचा नाही, बाथरूमला जायचं तरी विचारून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केस गोपनीय आहे, मुलांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. रात्रभर कॉल चालू होता. सकाळी त्यांनी बाबांकडून सेव्हिंगमधले चार लाख "व्हेरिफिकेशन"साठी आरटीजीएस करून घेतले, स्वतः बाबांनीच नेटबँकिंगवरून केले. चौकशी झाली की परत येतील म्हणे.

मग ते एफडीवर आले. ती मोठी होती, आईच्या पश्चात बाबांनी माझ्याबरोबर जॉइंट केली होती आणि मी आग्रह धरून ती "आयदर ऑर सर्व्हायव्हर" न ठेवता "जॉइंटली" ठेवायला लावली होती. म्हणजे मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या, ऑनलाइन होत नाही. बाबा ब्रँचमध्ये गेले, खिशात कॉल चालू, कोणी विचारलं तर नातवाच्या फ्लॅटसाठी म्हणून सांगा असं पढवलेलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, मुलीची सही लागेल. म्हणून बाबांना मला फोन करावा लागला आणि तिथेच ते सगळं फुटलं.

मी आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली, पोलीस स्टेशन नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पैसे पुढच्या खात्यांत तासाभरात फिरतात आणि जिथे सापडतील तिथेच होल्ड लागतो. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, समोरचं खातं हातात ठेवून बोला. १९३० लागत नसेल तर cybercrime.gov.in वर तक्रार टाका. चारपैकी थोडे होल्ड झाले, ते कोर्टाच्या ऑर्डरने मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. वर नंतर "तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा" म्हणून फोन यायला लागले, ते पण चोरच.

आता दादा. त्याने बाबांचा स्मार्टफोन काढून घेतला, नेटबँकिंग बंद केलं, कार्ड स्वतःकडे ठेवलं, साधा फोन दिला. भाजीला पैसे हवे तर मुलाला फोन करायचा. परिणाम काय झाला, तर बाबा काहीही लपवायला लागले, गॅसवाल्याचा फोन आला तरी सांगेनात. अरे, त्या चोरांचं सगळं काम "घरी सांगू नका" यावरच चालतं ना! ज्या माणसाला मुलाचीच धास्ती आहे तो पुढच्या वेळी सांगेल कोणाला? हे दादाला मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. बाबांना वाचवलं ते दुसऱ्या सहीने, आणि त्याच सहीला तो "बापावर अविश्वास" म्हणत होता. ती सही मोठ्या रकमेपुरती होती, रोजच्या पैशाला कोणी हात लावला नव्हता.

शेवटी बाबांनीच फोन परत मागितला. आता पेन्शनचं खातं, यूपीआय, कार्ड सगळं त्यांचं, त्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च, आम्ही बघतही नाही. नेटबँकिंगची ट्रान्सफर लिमिट त्यांनी स्वतः कमी केली. बाकीचं जॉइंटली एफडीत आणि पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये, जिथे पासबुक घेऊन, फॉर्म भरून जावं लागतं. आणि एक वाक्य ठरलंय: पोलीस म्हणून कोणीही फोन केला की "मी स्टेशनला येतो" म्हणायचं, फोन कट, आणि खरंच चालत दादर पोलीस स्टेशनला जायचं.

हां, दुसरी सही ज्याची घ्याल तो माणूस हाकेला धावणारा हवा, परदेशातला नको. आणि हॉस्पिटलच्या वेळी जॉइंटली एफडी पटकन मोडता येत नाही, म्हणून एक छोटी एफडी आईच्या एकटीच्या नावावर ठेवा. विसरण्याचा आजार असेल तर मात्र हे पुरणार नाही, तिथे डॉक्टर आणि वकील दोघांशी बोला. पण तुमची आई स्वतःचा हिशोब ठेवते ना? मग भावाला बाजूला ठेवून आधी तिलाच बँकेत घेऊन जा, कोणत्या एफडीला दुसरी सही लावायची ते तिलाच ठरवू दे.