श्रावणात अहमदाबादला जाताना काय न्यावं

प्रिय पोरी,

प्रशिक्षणाचा महिना तू अहमदाबादला एका जैन कुटुंबात राहणार, हे कळलं. "जाताना काय नेऊ?" असं विचारलंस आणि पुढे स्वतःच लिहिलंस, "कोल्हापूरची चटणी आणि भडंग नेते." तेवढं मात्र करू नकोस. आपल्या चटणीत कांदा-लसूण असतो, भडंगाची फोडणीही बहुतेक लसणाचीच असते. घरातला एखादा तरुण बाहेर कांदा-लसूण खात असेल, पण ते पुडकं त्या घराच्या स्वयंपाकघरात ठेवायचं कुठे, हा पेच तुझ्या यजमानीणबाईंना पडेल. त्या तोंडावर काही बोलणार नाहीत, म्हणून तो विचार आपणच आधी करायचा.

आता दिवस चातुर्मासाचे आहेत, आणि हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एरवी चालणारे पदार्थही या चार महिन्यांत बऱ्याच श्वेतांबर घरांत बंद होतात. पावसाळी हवेत सूक्ष्म जीव वाढतात, म्हणून पालेभाज्या सोडतात. पुष्कळ घरांत काजू-बेदाण्यांसारखा सुकामेवाही या दिवसांत खात नाहीत. त्यामुळे सुक्यामेव्याचा देखणा डबा तुला निर्धास्त वाटला, तरी तो कार्तिकापर्यंत तसाच पडून राहू शकतो. फळांचं म्हणशील, तर तू राहशील त्याच महिन्यात पर्युषण येतं, आणि त्या आठ दिवसांत हिरवं, ओलं काहीच न खाणारी माणसं खूप असतात. पेढे तर नकोच. दमट हवेत आणि रात्रभराच्या प्रवासात खवा आंबतो.

गूळ? कोल्हापूरहून जाणाऱ्या माणसाला पहिला तोच सुचणार. पण आपली गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. श्रावणात बाजारात मिळतो तो साठवलेला गूळ. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. आधी वरून चिकट होतो, मग पाझरतो, आणि पिशवी बंद राहिली तर बुरशी धरतो. प्लॅस्टिकच्या आत घामासारखे थेंब दिसले किंवा अंगठा दाबल्यावर खळगा पडला, तर तो घेऊ नये. काकवी तर प्रवासात सांडते आणि उबेत फसफसते. तू माघात जाणार असतीस, तर मी डोळे मिटून एक किलोचा गुळाचा ताजा रवा ने म्हटलं असतं, आणि तोही तांबूस-काळसर. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस हे रसायन घालून उजळलेला असतो.

माझ्या मते तू आजऱ्याचा घनसाळ तांदूळ न्यावास. आखूड दाण्याचा, सुवासिक, आपल्याच जिल्ह्यातला. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कच्चं, कोरडं धान्य कुणाच्याच नियमात अडकत नाही. उपवास असेल तर पारण्यानंतर शिजवतील, घाई काहीच नाही. शिवाय पीक निघतं दिवाळीनंतर, म्हणजे श्रावणात हा तांदूळ आठ-नऊ महिने जुना झालेला असतो. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, जुन्याचा मोकळा होतो. वास थोडा ओसरलेला असतो, हे खरं. पाणी नेहमीपेक्षा किंचित जास्त लागतं, एवढं यजमानीणबाईंना सांग.

दोन किलो पुरे. घेताना दाणा दातांखाली धरून बघ: कट्ट आवाज करून तुटला तर सुका, चिवट लागला तर ओल आहे. मूठभर तांदूळ पांढऱ्या कागदावर पसरून टोके आणि जाळी बघ. जैन घरात किडका तांदूळ म्हणजे फक्त अस्वच्छता नव्हे. त्यातल्या जिवांना इजा न होऊ देता तो निवडायचा कसा, हे अवघड काम तू त्यांच्या गळ्यात टाकशील.

निघण्याआधी एक फोन कर. "काय आणू?" असं विचारलंस तर "काही नको" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा त्यांच्या मुलीला विचार, "रात्रीचं जेवण किती वाजता आटोपता? घरात कुणाचं व्रत चालू आहे का? कुणाला मधुमेह आहे का?" पहिल्या प्रश्नाने तुला कधी पोहोचायचं तेही कळेल. ते सूर्यास्ताआधी जेवत असतील आणि तू रात्री नऊला दारात उभी राहिलीस, तर तुझ्यासाठी पुन्हा चूल पेटवायची की नाही, ही अडचण होईल. आजींना मधुमेह असेल तर तांदूळ थोडा कमी करून सोबत एक किलो ज्वारी घे. तीही अशीच पारखून.

तांदूळ निघायच्या आठवडाभर आधी घे. घरी कोरड्या डब्यात ठेव आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा कागदावर पसरून बघ. टोके असतील तर तेवढ्यात दिसतील, आणि दुसरा तांदूळ आणायला वेळही राहील.

तुझ्या,
बाई