इंग्रजीतून इटालियनमध्ये: दार बंद 'आहे' की 'केलं जातं'?

इंग्रजी कर्मणी वाक्य दिसलं की लगेच एस्सेरे लावू नका. 'ला पोर्ता ए क्यूझा' वाचून इटालियन माणूस बहुधा 'दार बंद आहे' असंच समजतो. आठ वाजता दार बंद केलं जातं, ही क्रिया सांगायची तर 'ला पोर्ता व्हिएने क्यूझा आल्ले ओत्तो'. दार बंद करायलाच हवं असेल, तर 'ला पोर्ता व्हा क्यूझा'. इथे आंदारेमध्येच सक्ती आहे, दोव्हेरे वेगळं नको. व्हेनिरे मात्र फक्त साध्या काळांत चालतं. 'बंद केलं गेलं आहे' म्हणताना 'ए स्ताता क्यूझा'कडेच परत यावं लागतं.

दार आत्ता बंद केलं जात असेल, तर 'स्ता व्हेनेन्दो क्यूझा' कानावर पडतं, पण जड वाटतं. कर्तरी करा: 'स्तान्नो क्यूदेन्दो ला पोर्ता'. उद्याच्या बेताला मात्र स्तारे वापरू नका. मराठीतही आपण 'उद्या निघतोय' म्हणतो, म्हणून ही चूक हमखास होते. तिथे 'पार्तो दोमानी'.

दार सुताराकडून रंगवून घेतलं, तर 'ओ फात्तो व्हेर्निचारे ला पोर्ता दाल फालेन्यामे'. इंग्रजीच्या क्रमाने दार मध्ये घुसवू नका. फारेला लागून धातूचं मूळ रूपच येतं.