कथक बंद करून सोमवार मोकळा होणार नाही

*"मुलगी अकरावी सायन्सला आहे. कॉलेज रोज साडेसात ते साडेबारा, मंगळवारी-गुरुवारी प्रॅक्टिकलमुळे दोन वाजतात. आम्ही वारज्याला राहतो, कॉलेज आणि सीईटीचा क्लास दोन्ही डेक्कनला, बसने एका बाजूला तास जातो. क्लास एकाआड एक दिवस चार ते सात, शनिवारी तीन ते सहा टेस्ट. रविवारी नऊ ते अकरा घराजवळ कथक. ती साडेपाचला उठते, दहाला झोपते. तिचे बाबा म्हणतात रोज सहा तास सेल्फ स्टडी हवाच, कथक बंद करा. वारांचे कॉलम करून टाइमटेबल लावून द्या, फ्रिजवर चिकटवते."*

ताई, तुमच्या पत्रात मला क्लासची काळजी वाटली नाही, 'सहा तास हवाच' या वाक्याची वाटली. हा आकडा आठवडा मांडून बघण्याआधीच ठरलेला आहे. म्हणून मी आधी अभ्यास बाजूला ठेवला आणि तुम्ही लिहिलंय तेवढंच तक्त्यात उतरवलं.

बहुतेक घरांत टाइमटेबल करताना एकेका तासाच्या सारख्या ओळी आखतात. तिथेच गडबड होते. साडेबाराला सुटणारं कॉलेज बारा ते एकच्या चौकटीत बसत नाही, मग कुणीतरी 'कॉलेज' लिहून मोकळं होतं आणि अर्धा तास गायब होतो. त्याऐवजी पत्रातली प्रत्येक सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ क्रमाने लिहून काढायची. लागोपाठच्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे एक ओळ. ओळी लहान-मोठ्या झाल्या तरी चालतं. प्रवासालाही स्वतःचा चौकोन द्यायचा, नाहीतर साडेबाराला सुटलेली मुलगी साडेबारालाच घरी पोचलेली दिसते.

दुपारचा भाग असा झाला:

| वेळ | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १२:३०–१:३० | बस | प्रॅक्टिकल | बस | प्रॅक्टिकल | बस | ? | |
| १:३०–२ | घरी | प्रॅक्टिकल | घरी | प्रॅक्टिकल | घरी | ? | |
| २–३ | घरी | बस | घरी | बस | घरी | ? | |
| ३–४ | बस | घरी | बस | घरी | बस | टेस्ट | |
| ४–६ | क्लास | घरी | क्लास | घरी | क्लास | टेस्ट | |
| ६–७ | क्लास | घरी | क्लास | घरी | क्लास | बस | |
| ७–८ | बस | घरी | बस | घरी | बस | घरी | |

'रोज'चा अर्थ मी सोमवार ते शनिवार घेतला. 'एकाआड एक' म्हणजे सोम-बुध-शुक्र धरलंय, ते क्लासमध्ये विचारून घ्या. खरंच एक दिवस सोडून क्लास असेल, तर पुढच्या आठवड्यात वार बदलतील आणि हा तक्ता चुकेल. उतरवून झालं की एक पडताळा करा: क्लासचे तास तक्त्यातून मोजले तर ३ दिवसांचे ९ येतात, पत्रातूनही ९ येतात. आकडे जुळले नाहीत तर एखादा चौकोन सुटला असं समजा.

आता सोमवारचा कॉलम वरून खाली वाचा. बसमध्ये ४ तास जातात. घरी दुपारी दीड तास आणि रात्री आठ ते दहा, म्हणजे साडेतीन तास, त्यात दोन जेवणं. जेवणांचा तासभर काढला तर अडीच उरतात. बाबांचे सहा तास त्यात बसवायचे, तर ती दीड वाजता झोपेल आणि साडेपाचला उठेल. या वयात ८ ते १० तास झोप लागते. चार तासांच्या झोपेवर केलेला अभ्यास सकाळच्या फिजिक्सच्या तासाला कितपत टिकेल, हे बाबांनीच सांगावं.

कथकला हात लावू नका. ते रविवारी आहे, आणि तो कॉलम आधीच मोकळा आहे. ते बंद केल्याने सोमवारी पाच मिनिटंही मिळत नाहीत.

वेळ खरा वाया जातो तो दीड तास घरी थांबण्यासाठी दोन तास बसमध्ये घालवण्यात. सोम-बुध-शुक्र तिने डबा नेऊन साडेबारा ते चार कॉलेजच्या अभ्यासिकेत किंवा डेक्कन परिसरातल्या एखाद्या अभ्यासिकेत बसावं. जेवणाचा अर्धा तास वगळून तीन तास अभ्यास तिथेच होतो, रात्री जेवणानंतर तासभर, आणि आठवड्याचे ६ तास बसमधून सुटतात. मंगळवारी-गुरुवारी ती तीनला घरी येते, तेव्हा चार-साडेचार तास सहज होतील. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो, तेवढ्याला हे पुरेसं आहे.

मात्र तीन दिवस बाहेर डबा खाऊन तिथेच अभ्यासाला बसणं तिला झेपेल का, हे तिलाच विचारा. तुमच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. शनिवारी मी प्रश्नचिन्हं ठेवलीत, कारण साडेबारा ते तीन ती कुठे असते ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरी येऊन परत जात असेल, तर जेमतेम अर्धा तास घरी असते. तो चौकोन तिच्या हातानेच भरून घ्या, आणि रविवारचे रिकामे चौकोन तुम्ही भरू नका.